मला व्हिसा लागेल, पण घाबरू नका

मी इंजेक्शन मोल्डचं डिझाइन करते. गाडीचा बंपर किंवा मिक्सरचं झाकण ज्या पोलादी साच्यातून निघतं, तो साचा कागदावर आधी मी काढलेला असतो. जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीची जाहिरात दिसली आणि वाटलं, ही माझ्याकडे बघूनच लिहिली आहे. ईमेलमधला कामाचा भाग मी एका चहात लिहून टाकला. उरला फक्त एक परिच्छेद: व्हिसाचं काय, येणार कधी, येऊन राहणार कुठे. तो लिहायला अख्खं घर बसलं.

त्याआधी मोठ्या कंपन्यांची पोर्टल्स करून झाली होती. तिथे सगळी माहिती भरून दमलात की शेवटी एक चौकट येते: ‘जर्मनीत काम करण्याचा परवाना आहे का?’ आपण खरं बोलून ‘नाही’वर टिचकी मारायची आणि झोपायला जायचं. सकाळी उठेपर्यंत त्यांचं मनःपूर्वक आभाराचं पत्र आलेलं असतं. रात्री अडीच वाजता कुठली जर्मन बाई माझा बायोडेटा वाचत बसली असेल, असा भाबडा विचार मी पहिल्या पत्राच्या वेळी केला, नंतर नाही. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, “हो करून टाक गं, पुढचं पुढे बघू.” पण पुढे मुलाखतीत पहिलाच प्रश्न तोच असतो, आणि तिथे आपला चेहरा दिसत असतो. म्हणून ही कंपनी बरी वाटली. जाहिरातीखाली चक्क एका बाईंचं नाव आणि ईमेल होता. चौकट नव्हती.

बाबा साताऱ्याहून मुक्कामाला आले होते. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला मसुदा दाखवू नये, हे मला कळायला हवं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि मजकूर असा सुरू केला की ‘उपरोक्त विषयास अनुसरून’चं इंग्रजी वाचून मला खुर्चीवरून उठून उभं राहावंसं वाटलं. ‘युवर गुडसेल्फ’ने कृपावंत होऊन व्हिसा स्पॉन्सर करावा आणि मला ‘ऑब्लाइज’ करावं. पगाराच्या जागी ‘नियमानुसार’. खाली ‘सोबत: वरीलप्रमाणे’.

निखिल, माझा नवरा, बँकेत आहे. त्याचं म्हणणं, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. त्याने विमानाची दोन तिकिटं, तीन महिन्यांचं राहणं आणि सामानाचा कंटेनर एवढं त्या परिच्छेदात घुसवलं. आमच्या घरात कंटेनर भरेल असं सामान नाही; पण मागायचं तर नीट मागावं, असा त्याचा हिशोब. सासूबाईंची मागणी एकच होती: “दिवाळीच्या आत जाणार नाही, एवढं लिही म्हणजे झालं.”

आत्याचा फोन आला तेव्हा फोन स्पीकरवर होता. “तू जाशील गं, पण निखिलच्या जेवणाचं काय?” त्या वेळी निखिल कांदा चिरून, पोहे भिजवून, दाणे तळत होता. त्याने कढईतूनच विचारलं, “आत्या, लिंबू घालू का वरून?” आत्याने विषय बदलला.

शेवटी मंदारदादाला व्हिडिओ कॉल लावला. हा माझा मामेभाऊ, स्टुटगार्टशेजारच्या बोब्लिंगेनला असतो आणि आपल्या विभागातल्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. त्याने मसुदा वाचला. वाचताना त्याचा चेहरा थिजला, तेव्हा मला वाटलं नेटवर्क गेलं.

“हे स्पॉन्सर प्रकरण आधी काढ,” तो म्हणाला. “इंग्लंडला कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स लागतं. अमेरिकेत एच-1बीची लॉटरी असते. जर्मनीत यातलं काही नाही, कुठलीही कंपनी तुला घेऊ शकते. पण तुझ्या त्या बाईंना हे माहीत असेलच असं नाही. एवढ्याशा कंपनीत पगार, रजा, कँटीनची कुपनं सगळं त्या एकट्या बघत असतील. युरोपाबाहेरचा माणूस त्यांनी कधी घेतला नसेल. ‘स्पॉन्सर’ वाचलं की त्यांना वकील दिसतो, खर्च दिसतो, आणि तुझा ईमेल ‘नंतर बघू’मध्ये जातो. त्यांना काय करायला लागेल ते तूच सांग. फारसं काही लागत नाही, हे त्यांना तुझ्याकडून कळू दे.”

मग त्याने मला कामाला लावलं. पहिलं काम अ‍ॅनाबिन. ही जर्मनांची परदेशी पदव्यांची यादी, तीही जर्मन भाषेत. इथे आपलं कॉलेज शोधत बसायचं नाही, पदवी देणारं विद्यापीठ शोधायचं. त्याच्यापुढे H+ असलं की विद्यापीठ पावलं. मग पदवीची वेगळी नोंद बघायची, ती जर्मन पदवीच्या तोडीची मानली आहे ना. दोन्ही जुळलं तर ती पानं छापून व्हिसाच्या कागदांत लावायची. नाही जुळलं तर तुलनेचं प्रमाणपत्र मागवायचं, त्याचे 208 युरो आणि वाट बघणं आलं. माझं जुळलं. बाबांनी H+ची पानं हातात घेऊन विचारलं, “यावर सही कोणाची आहे?” कोणाचीच नाही, म्हटल्यावर त्यांचा जर्मनीवरचा विश्वास जरा डळमळला.

दुसरं पगाराचं. आपल्याकडे अपेक्षित पगार विचारला की आपण लाजतो. तिथे वर्षाचा एकूण आकडा लिहायचा, कर कापण्याआधीचा. आणि हा आकडा नुसता पगाराचा नसतो, व्हिसाचाही असतो. ईयू ब्लू कार्ड म्हणजे पदवीधरांना तिथे राहून नोकरी करायचा परवाना; त्यासाठी 2025 साली वर्षाला किमान 48,300 युरो पगार लागत होता. इंजिनिअरसारख्या टंचाईच्या पेशांना त्याहून कमी चालत होता: 43,759 युरो आणि 80 सेंट. या 80 सेंटांवर निखिल, बँकवाला असूनही, बराच वेळ खूश होता. पण कमी पगाराच्या वाटेला एक काटा आहे. तिथे रोजगार खात्याची संमती लागते. वरच्या आकड्याच्या पुढे गेलं की ती लागत नाही. मी 54,000 लिहिले. बाबांना वाटलं मी उद्धटपणा करते आहे. मंदारदादा म्हणाला, “आमच्याकडे कमी आकडा लिहिला की, हिला काम येत नसावं, असं वाटतं.”

तिसरी गोष्ट तारखेची. चाकणला ‘इमिजिएट जॉइनर’ला सोन्याचा भाव आहे आणि नव्वद दिवसांच्या नोटिशीचा माणूस म्हणजे पनवती, म्हणून मी ‘ताबडतोब’ लिहून ठेवलं होतं. दादा हसला. “ताबडतोब कशी येशील? पोहत? तीन महिन्यांची नोटीस इथे रोजची गोष्ट आहे, तिला कोणी दचकत नाही. दचकतात ते खोट्या तारखेला.” मग आम्ही कॅलेंडर काढलं. मेअखेरीस करार झाला असं धरू. कागद, अपॉइंटमेंट, व्हिसा यात जुलै उजाडेल. राजीनामा व्हिसा हातात पडल्यावरच द्यायचा, त्याआधी नाही; यावर बाबा, निखिल आणि दादा यांचं त्या दिवशी पहिल्यांदा एकमत झालं. तिथून नव्वद दिवस म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. तिकडे नोकऱ्या बहुधा एक तारखेला सुरू होतात. म्हणजे 1 नोव्हेंबर. सासूबाई आतून म्हणाल्या, “भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आहे. मी तेच सांगत होते.”

राहता राहिलं बिऱ्हाड. निखिलचा कंटेनर दादाने एका वाक्यात बुडवला: “पहिल्या ईमेलमध्ये पैसे मागू नकोस, ते ऑफरच्या वेळी बोल.” त्याऐवजी मी एकटी येणार, पहिले काही आठवडे फर्निचरसकट मिळणाऱ्या भाड्याच्या खोलीत राहणार आणि घर तिथे आल्यावर बघणार, एवढंच. अनामत म्हणून घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं मागू शकतो, ती रक्कम मी बाजूला काढली आहे. पण ते माझ्या वहीत राहू दे, त्यांच्या इनबॉक्समध्ये नको. निखिलचं तर लिहायचंच नाही. लग्न झालं आहे का, हा त्यांचा प्रश्न नाही. (आत्याला हे कळवलेलं नाही.) मुळात ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे नोकरीही करता येते. निखिलने तरी क्लास लावलाच. सहा महिन्यांचा माझा प्रोबेशन संपला की तो येणार आणि तोपर्यंत त्याला पोह्यांना जर्मनमध्ये काय म्हणतात ते कळलेलं असणार.

शेवटी तो परिच्छेद इंग्रजीत असा उतरला, त्याचा मजकूर मराठीत सांगते:

‘मी भारतीय नागरिक आहे आणि मला व्हिसा लागेल. माझी पदवी अ‍ॅनाबिनवर मान्य आहे आणि खाली लिहिलेला पगार ईयू ब्लू कार्डाच्या मर्यादेच्या वर आहे, त्यामुळे रोजगार खात्याच्या संमतीची गरज पडणार नाही. तुमच्याकडून दोन कागद लागतील: सही केलेला करार आणि `Erklärung zum Beschäftigungsverhältnis` हा भरलेला फॉर्म. बाकीचा अर्ज मी मुंबईतून करेन. घाई असेल तर जलद प्रक्रिया उपलब्ध आहे. ती तुम्ही तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून सुरू करायची असते आणि तिची फी 411 युरो आहे. मी 1 नोव्हेंबरपासून कामावर येऊ शकते. सुरुवातीच्या राहण्याची सोय माझी मी करेन.’

कंपनीने नोकरीची माहिती भरून द्यायच्या त्या फॉर्मचं नाव निखिलने तीनदा म्हणून बघितलं आणि पाणी प्यायला. 411 युरोंचं लिहावं की नाही, यावर माझं नि दादाचं वाजलं. तो म्हणाला, आकडा बघून बिचकतील. मी म्हटलं, न सांगितलेला खर्च माणसाला जास्त बिचकवतो, 411 निदान कुठेतरी संपतात. वाक्य ठेवलं. बाबांनी सगळं वाचून खेदाने मान हलवली. “यात एकदाही विनंती नाही,” ते म्हणाले. म्हणून शेवटी ‘आपल्या उत्तराची वाट पाहते’ असं घातलं. ‘आतुरतेने’ मात्र घातलं नाही.

उत्तर पुढच्या आठवड्यात आलं, भरदिवसा, माणसाने लिहिलेलं. गुरुवारी ऑनलाइन मुलाखत. मोल्डच्या दोन ड्रॉइंग्ज तयार ठेवा. तो फॉर्म त्यांना रोजगार खात्याच्या साइटवर सापडला होता आणि भरायला सोपा वाटला होता. व्हिसाबद्दल आणखी एक अक्षर नव्हतं. तारखेबद्दल होतं. बाईंनी लिहिलं होतं, 1 नोव्हेंबरला शनिवार आहे आणि शिवाय आमच्या राज्यात त्या दिवशी सर्व संतांच्या सणाची सुट्टी असते, तेव्हा निवड झाल्यास सोमवार, 3 नोव्हेंबर चालेल का?

मी मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा पहिल्यांदाच प्रसन्न दिसले. “नोकरी द्यायच्या आधी सुट्टी कळवतात,” ते म्हणाले, “खातं चांगलं आहे.”