हिराकसाच्या बाटलीत लोखंड साचत नाही

"लॅटिमर आकृती दोन सेकंदांत! मधली अवस्था गाळून टोकापासून टोकापर्यंतचं पोटेन्शियल हवं? मधले आकडे सरळ मिळवा. बेरीज धन आली की मधला आयन डिसप्रपोर्शनेट होतो."

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने हे पाठवलं, खाली "मामा, किती सोपं!" मी परभणीत हाच विषय शिकवतो, गप्प बसवेना. लॅटिमर आकृतीत एकाच मूलद्रव्याच्या अवस्था ओळीने मांडतात आणि प्रत्येक बाणावर त्या पायरीचं पोटेन्शियल व्होल्टमध्ये लिहितात. ही युक्ती लोखंडाला लावून बघा.

```
Fe³⁺ --(+0.77)--> Fe²⁺ --(−0.44)--> Fe
```

बेरीज +0.33 व्होल्ट येते. खरं उत्तर −0.04 आहे, म्हणजे चिन्हसुद्धा उलटं. व्होल्ट हा एका इलेक्ट्रॉनमागचा भाव आहे. मोंढ्यात एक क्विंटल सोयाबीन 4000 ने आणि दोन क्विंटल 4300 ने गेलं, तर भाव 8300 मिळाला असं कोणी सांगत नाही. रकमा मिळवून तिनाने भागतात, भाव येतो 4200. इथे रक्कम म्हणजे मुक्त ऊर्जेतला बदल, ΔG° = −nFE°; n म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या, F हा स्थिरांक. पहिल्या पायरीला एक इलेक्ट्रॉन, दुसरीला दोन:

```
E° = (1 × 0.77 + 2 × (−0.44)) / 3 = −0.04 V
```

दुसरा मुद्दा जास्त घातक. बेरीज धन, म्हणजे या युक्तीनुसार Fe²⁺ डिसप्रपोर्शनेट होणार, आपोआप Fe³⁺ आणि लोखंडात फुटणार. मग हिराकसाच्या, म्हणजे फेरस सल्फेटच्या, द्रावणाच्या तळाशी चुंबकाला चिकटणारी पूड दिसायला हवी. ती कधीच दिसत नाही. उघडं ठेवलं की हिरवट द्रावण तांबूस होतं, गाळही बसतो, पण तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे, आणि त्यात धातू नसतो. उलट किंचित आम्ल घातलेल्या त्या द्रावणात आम्ही स्वच्छ लोखंडी खिळा टाकून ठेवतो. तयार झालेला Fe³⁺ खिळ्याशी भिडून पुन्हा Fe²⁺ होतो.

कसोटी अशी: उजवीकडच्या आकड्यातून डावीकडचा वजा करा. −0.44 − 0.77 = −1.21, ऋण, म्हणून फुटत नाही. इथे आकडे थेट वजा करता येतात, कारण दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन सारखेच असतात.

तांब्यात ही युक्ती अर्धी जमते, एवढं मान्य. Cu⁺ पाण्यात फुटतो खरा, पण उजवीकडचा 0.52 डावीकडच्या 0.16 पेक्षा मोठा आहे म्हणून. दोन्ही पायऱ्यांना एकेकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे साधी सरासरी चालते. बेरीज मात्र तिथेही 0.68 येते, आणि एनसीईआरटीच्या बारावीच्या तक्त्यात Cu²⁺/Cu समोर 0.34 छापलंय. शिवाय हे आकडे प्रमाण स्थितीतल्या द्रावणाचे. आयोडाइड घातलं की तोच Cu⁺ CuI होऊन साक्यात बसतो आणि फुटत नाही.