मिसळ उतरते, थुंकी अडकते

मागच्या दिवाळीनंतर माझ्या घशात गोळा आला. गळ्याच्या खड्ड्यापासून दोन बोटं वर, अगदी मधोमध, बोराएवढा. रडू दाबलं की आवंढा दाटतो ना, तसाच. फक्त तो आवंढा थोड्या वेळाने विरतो, हा सकाळी दात घासताना असायचा आणि रात्री लाईट घालवतानाही असायचा. दिवसभर थुंकी गिळून बघायची, आहे का अजून? आहे.

आमचे काका अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. त्यामुळे माझं डोकं कुठे धावलं असेल ते सांगायला नको. आठवड्याभरात मी भाकरी सोडली. मऊ भात, पातळ वरण, तेही प्रत्येक घास चाळीस वेळा चावून. दीड महिन्यात दोन किलो वजन उतरलं आणि माझी खात्रीच पटली.

पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "टेन्शन आहे, घेऊ नका." ते बरोबर होते, हे मला आज माहीत आहे. तरीही माझा राग गेलेला नाही, कारण त्यांनी माझा घसा पाहिलाच नव्हता. न बघता बरोबर निघालेलं उत्तर म्हणजे मटक्याचा आकडा लागण्यासारखं आहे.

मग कॉलेज रोडच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि पहिलाच ऐकून मला वाटलं हे चेष्टा करतायत. "ताई, मिसळ खाता का?" म्हटलं, हो, गेल्याच रविवारी माहेरची मंडळी आली होती, सगळे गेलो होतो. "पाव अडकला?" मी आठवून पाहिलं. नाही अडकला. गप्पांच्या नादात दोन पाव खाल्ले, वर ताक प्यायले. तेवढा अर्धा तास गोळा होता की नव्हता, हेही आठवेना.

मग त्यांनी असा प्रश्न विचारला की माझी दीड महिन्याची सगळी भीती त्यावर येऊन थांबली. "घास अडकतो, की अडकेल अशी भीती वाटते?"

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. अन्ननलिका खरोखर अरुंद झाली असेल तर घास गिळल्यावर अडकतो. आधी भाकरी, मटण, पोळी अशा घट्ट पदार्थांना त्रास होतो, मग मऊ भाताला आणि शेवटी पाण्याला. तो त्रास सोबत कोण बसलंय ते बघत नाही, लग्नाच्या पंगतीतही घास अडकतोच. माझा गोळा नेमका उलटा होता. रिकाम्या घशात तो मोठा, जेवताना लहान, आणि गप्पांत गायब. वजनही घास न उतरल्यामुळे नाही, मी घास घेतच नसल्यामुळे कमी झालं होतं.

एवढ्यावर त्यांनी मला घरी पाठवलं नाही, हे मला आवडलं. मान चाचपली, गाठी बघितल्या, थायरॉईड बोटांनी तपासलं. तोंडात जीभ, गाल, टॉन्सिल पाहिले. तंबाखू, मिश्री, गुटखा विचारलं. (आपल्याकडच्या किती बायका मिश्रीला तंबाखू समजत नाहीत! "तंबाखू नाही हो, फक्त मिश्री लावते" हे त्यांना रोज ऐकावं लागतं म्हणे.) मग नाकात बधिर करणारा फवारा मारून बारीक, वाकणारी दुर्बीण घशापर्यंत नेली. दुखत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. "ई म्हणा" म्हणाले, मी म्हटलं, आणि स्क्रीनवर माझ्या स्वरतंतूंची दोन पांढरी दारं मिटली. काही मिनिटांत संपलं. एक सांगून ठेवते : त्या फवाऱ्याने घसा जाड होतो आणि गोळा दुप्पट वाटतो. मी तिथेच घाबरले होते. बधिरपणा उतरेपर्यंत खायचं-प्यायचं नसतं.

ही दुर्बीण घसा आणि स्वरयंत्र दाखवते, खालची अन्ननलिका दाखवत नाही. एरवी माझ्यासारख्या लक्षणांत ते इथेच थांबले असते, पण वजन उतरलं होतं आणि काकांचा इतिहास होता, म्हणून बेरियमची तपासणी करून घेतली. खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध प्यायचं आणि ते खाली उतरत असताना एक्स-रे काढायचे. नळी कुठे अरुंद आहे का, कुठे पिशवी झालीय का, ते त्यात कळतं. आतल्या अस्तरातला बारीक बदल मात्र सुटू शकतो, त्यामुळे घास खरंच अडकत असेल तर एंडोस्कोपी लागते, गरज पडली तर तुकडाही काढतात. माझं बेरियम स्वच्छ आलं.

मग गोळा आला कुठून? अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं. ते एरवी बंद असतं आणि गिळताना क्षणभर उघडतं. मनावर ताण आला की ते जास्त आवळतं, हे मोजून पाहिलेलं आहे. पण गोळा जाणवणाऱ्या प्रत्येकात ते आवळलेलं सापडतंच असं नाही. काहींना ॲसिड वर येण्याचा त्रास असतो, काहींचा घसाच जास्त संवेदनशील झालेला असतो. मला ॲसिडिटीच्या गोळ्या काही आठवडे दिल्या होत्या, फरक पडला नाही, बंद केल्या.

त्यांनी माझ्याकडून एक प्रयोग करून घेतला, तुम्हीही करा. पाणी न पिता लागोपाठ पाच वेळा थुंकी गिळा. चौथ्या-पाचव्या वेळी घसा अडतो, कारण तोंडात गिळायला काही उरलेलंच नसतं. निरोगी माणसाचंही असंच होतं. आणि मी हे दिवसातून शेकडो वेळा करून रोज नव्याने घाबरत होते! चिंतेने तोंड कोरडं पडतं ते वेगळंच.

उपचार म्हणाल तर साधे. थुंकी गिळून बघायचं नाही, खाकरायचं नाही, तशी हुक्की आली की पाण्याचा एक घोट घ्यायचा. भाकरी परत सुरू. स्पीच थेरपिस्टने जांभईसारखा घसा मोकळा सोडायला शिकवलं. चिंतेसाठी समुपदेशनही केलं, त्यावर वेगळं लिहीन. गोळा विरायला चार महिने लागले.

आता सिन्नरच्या मावशीचं. तिलाही "टेन्शन" असंच सांगितलं होतं, सुनेशी पटत नाही म्हणून. पण मावशी भाकरी पाण्याच्या घोटाबरोबरच खायची, पाण्याशिवाय घास उतरायचा नाही. मी तिला तोच प्रश्न विचारला. "अगं, भीती कसली, अडकतोच," म्हणाली. तपासणीत हिमोग्लोबिन सात निघालं, आणि बेरियममध्ये अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा दिसला. लोहाच्या कमतरतेत, विशेषतः बायकांमध्ये, असा पडदा तयार होऊ शकतो. एंडोस्कोपीतून तिथली नळी रुंद केली, लोह सुरू केलं. तिथे कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला असतो, म्हणून लक्ष ठेवायला बोलावतात. सुनेशी अजूनही पटत नाही, पण भाकरी उतरते.

गिळताना दुखणं, एकाच बाजूचं दुखणं कानापर्यंत जाणं, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, थुंकीत रक्त, मानेत गाठ, यातलं काही असेल तर माझी पोस्ट बाजूला ठेवून दाखवायला जा. थुंकीही गिळता येत नसेल तर त्याच दिवशी.

मार्चमध्ये भावाच्या निफाडच्या बागेवर गारपीट झाली, द्राक्षं काढणीला आलेली. त्या रात्री गोळा परत आला, तीन दिवस राहिला. भाकरी उतरत होती, वजन तेवढंच होतं. कुठे दाखवायला गेले नाही.