बट्टीवरचा खरपूस रंग म्हणजे कोळसा नव्हे

“दादा, हे खरं का? आपल्या भावकीत सगळ्यांनी पुढे पाठवलंय: ‘पावाची कड, तळलेली बट्टी, भाजलेलं भरीत यांचा तपकिरी रंग म्हणजे पीठ जळून झालेला कोळसा. चव लागते ती धुराची आणि तुपाची. उकडताना अन्नाचा सत्त्वांश पाण्यात उतरतो, म्हणून ते पांढरं आणि सपक राहतं. तपकिरी भाग विष आहे, उकडलेलंच खा.’ मग वरण-बट्टी सोडायची का?”

बट्टीचं नाव निघालं ते बरं झालं. या वादाचा निकाल लावायला तिच्याइतका चांगला पदार्थ नाही. राजस्थानी बाटी थेट निखाऱ्यात जाते. आपली खानदेशी बट्टी आधी वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात शिजते, मग तिच्या फोडी करून तळतात. म्हणजे एकाच कणकेचा उकडलेला आणि तळलेला अवतार एकाच दुपारी एकाच ताटात मिळतो.

गेल्या रविवारी अमळनेरला मावशीकडे मी ते करून पाहिलं. रवाळ कणीक, मीठ, मोहन, चिमूटभर सोडा. हळद मुद्दाम घातली नाही, नाहीतर रंगाचा हिशेब चुकला असता. गोळे चाळणीवर वीस-पंचवीस मिनिटं वाफवले, गार केले, फोडी केल्या. अर्ध्या फोडी तशाच ठेवल्या, अर्ध्या तळल्या. शेजारच्या कढईत साबुदाण्याचे आणि उडदाचे पापड. मावशी बघत होती. “काय करी राहिना रे भो?” एवढंच म्हणाली.

कोळशाचा मुद्दा त्या पापडांनीच निकालात काढला. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. पीठ जळून रंग येत असता, तर सगळ्यात आधी तोच काळवंडायला हवा होता. तो फुलला, पांढराशुभ्र राहिला. त्याच तेलात उडदाचा पापड मात्र सोनेरी झाला आणि क्षणभर जास्त राहिला तर तांबूस. तेल तेच, आच तीच. मुख्य फरक हा, की उडदात भरपूर प्रथिनं आहेत आणि साबुदाण्यात ती नाहीतच म्हटलं तरी चालेल.

रंग यायला दोघांची गाठ पडावी लागते: एकीकडे प्रथिनातली अमिनो आम्लं, दुसरीकडे ग्लुकोज, माल्टोज किंवा दुधातल्या लॅक्टोजसारखी साखर. स्टार्च हीसुद्धा साखरेच्याच कड्यांची साखळी असते, पण या कामाला लागतं ते साखळीचं मोकळं टोक, आणि हजारो कड्यांच्या साखळीला असं टोक एकच. म्हणून स्टार्च मख्खपणे बसून राहतो. कणीक मळून थोडा वेळ ठेवली, की पिठातली विकरं काही साखळ्या तोडून माल्टोज मोकळं करतात, आणि गव्हात प्रथिनं असतातच. बट्टीला लागणारा माल असा घरचाच.

लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवल्यावर हा तपकिरी रंग कसा येतो ते मांडलं. त्याच्या डोक्यात स्वयंपाक नव्हता. प्रथिनं कशी जोडली जातात, हा त्याचा प्रश्न होता. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉन हॉज यांनी सगळ्या टप्प्यांचा नकाशा काढला. थोडक्यात असं: साखर आणि अमिनो आम्ल जोडले जातात आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. ही जोडी आतल्या आत फिरते, मग तिचे तुकडे होतात. हे तुकडे फार चपळ, ते उरलेल्या अमिनो आम्लांशी पुन्हा भिडतात. त्यातून एकीकडे वासाचे छोटे, उडून जाणारे रेणू होतात, तर दुसरीकडे मोठे तपकिरी रेणू, म्हणजे तो रंग. कोळसा हा याच्या कितीतरी पुढचा मुक्काम आहे. तिथे हे वासाचे रेणूही उरत नाहीत, जिभेवर नुसता कडवटपणा येतो. ओळखायची खूण सोपी: खरपूस फोड चोळली तर वास हाताला लागतो, कोळसा चोळला तर काळं लागतं.

धूर आणि तूप. इथे मला अर्धा मुद्दा कबूल करायचाय, कारण भरिताबद्दल ते म्हणणं बरंचसं बरोबर आहे. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळल्या काड्यांवर वांगं भाजतो, तेव्हा साल काळीठिक्कर पडते, पण आतला गर स्वतःच्याच पाण्यात शिजत असतो. त्याला तपकिरी रंग येत नाही. भरिताची ओळख असलेला वास मुख्यतः धुराचा आणि करपलेल्या सालीचा. गॅसवर किंवा कुकरमध्ये केलेलं भरीत कुणी ‘भरीत’ म्हणत नाही ते याचमुळे. (जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, काड्यांनाही द्यायला हवं होतं.)

पण वांग्याचा नियम पावाला लावता येत नाही. विजेच्या भट्टीत धुराचा लवलेश नसतो, तरी पाव भाजायला लागला की गल्लीला कळतं. त्या वासातला एक मुख्य रेणू म्हणजे २-अॅसिटिल-१-पायरोलिन. प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल गव्हात मुबलक असतं, त्यापासून तो पावाच्या कडेत तयार होतो. गंमत म्हणजे बासमतीचा वासही याच रेणूचा. तिथे तो भाजून नाही, भाताच्या रोपातच तयार होतो. पाण्यात त्याचं प्रमाण एक कोटी लिटरमागे एक ग्रॅम असलं, तरी माणसाच्या नाकाला तो जाणवतो. दहा हजार लिटरचा एक, असे हजार टँकर, आणि त्यांत मिळून एक ग्रॅम!

आणि तूप? लोणी कढवताना मावशी गॅस कधी बंद करते, ते पाहा. बेरी बदामी झाली की. लोण्यात उरलेल्या ताकातली प्रथिनं आणि लॅक्टोज, तापलेल्या तुपात. म्हणजे तुपाचा जो खमंगपणा आपण बट्टीच्या चवीचं कारण म्हणून सांगतो, तो याच क्रियेने आलेला असतो. मी काही फोडी तूप न लावता नुसत्या तव्यावर भाजल्या. रंग डागाडागांनी आला, कारण तवा फक्त टेकलेल्या जागी लागतो, पण वास तोच.

आता उकडण्याचं. पाण्यात शिजवलेल्या भाजीचं थोडं मीठ, थोडी साखर पाण्यात उतरते हे खरं. पण माझे गोळे चाळणीवर वाफवले होते, पाण्याला शिवलेही नव्हते, तरी ते फिकट आणि सपक होते. त्यांच्यातून काही गेलं नव्हतं. त्यांच्यात काही तयारच झालं नव्हतं. चव आधी आत होती आणि पाण्याने पळवली, ही कल्पनाच मुळात चुकीची आहे.

तयार का झालं नाही? कारण पाणी आहे तोवर तापमान साधारण १०० अंशांच्या वर जात नाही. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० पर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसात-आठ पट ते एक ग्रॅम वाफ करून उडवायला लागते. आच कितीही वाढवा, ती वाफ करण्यातच खर्च होते. हा रंग डोळ्यादेखत चढायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. अशा क्रियांचा वेग दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो असं धरलं, तर १०० वरून १५० वर जाताना पाच वेळा दुप्पट, म्हणजे बत्तीस पट. तेलात जे चार मिनिटांत होतं, त्याला पाण्यात दोन तासांहून जास्त लागतील. शिवाय भरपूर पाण्यात साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांपासून लांब तरंगत राहतात, ती अडचण वेगळीच.

पावाचा तुकडा कापून पाहिलात तर हे सगळं त्यावर लिहिलेलं दिसतं. भट्टी २०० अंशांच्या वर, पण आतला मऊ भाग ओला, म्हणून १०० च्या खालीच राहतो आणि पांढरा. वरचा पातळ थर कोरडा पडतो, तापतो, कड होतो. बट्टीची फोड तेलात सोडल्यावर आधी जो बुडबुड्यांचा कल्लोळ होतो, तो पाणी जाण्याचा. तोवर रंग नाही. कल्लोळ मंदावला की रंग सुरू. फोडी ओल्या असताना किंवा कढईत गर्दी करून सोडल्या, तर तेल निवतं, फोडी तेल पितात आणि फिकट राहतात. ही चूक मीही पहिल्या घाण्याला केली, मावशीने काही न बोलता निम्म्या फोडी काढून ठेवल्या.

मात्र १०० अंशांना हे होतच नाही, असंही कुणी म्हणू नये. बासुंदी तासभर आटवा, ती गुलाबीसर होते. खवा त्याहून गडद. दूध आटतं तसं लॅक्टोज आणि प्रथिनं दाटीने जवळ येतात, आणि कमी तापमानाची भरपाई वेळ करतो. सोडा हाही या क्रियेला घाई करणारा. म्हणून पापडखार घातलेला उडदाचा पापड इतक्या झटकन रंगतो. एका गोळ्यात मी सोडा जरा जास्त घातला होता. त्याच्या फोडी बाकीच्यांआधी लाल झाल्या, पण चवीला साबणासारख्या लागल्या. कुत्र्यानेही हुंगून सोडल्या.

राहिलं विष. ही भीती अगदी हवेतून आलेली नाही. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत अॅक्रिलामाइड सापडल्याचं जाहीर केलं. अॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि साखर १२० अंशांच्या पुढे तापले, की याच क्रियेच्या एका फाट्यावर ते तयार होतं. उकडलेल्या अन्नात ते जवळपास नसतं, एवढं त्या संदेशाच्या बाजूने. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, ते मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून. पण ‘तपकिरी’ ही काही एकच अवस्था नाही. सोनेरी फोडीपेक्षा काळपट फोडीत ते पुष्कळ जास्त असतं, आणि गव्हापेक्षा बटाट्याच्या कापांत ते जास्त होतं, कारण बटाट्यात अॅस्पॅराजिन भरपूर. त्यातही फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा गारठ्याने आतल्या स्टार्चची साखर करतो. तो तळताना भराभर काळसर होतो, तीच त्याची ओळख. तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

बट्टी सोडायची नाही. बुडबुडे मंदावले आणि फोड गव्हाच्या दाण्याच्या रंगाची झाली, की झारा लावायचा. ती गरम असते तोवर बाहेर काढल्यावरही छटाभर गडद होतेच. मावशी त्याआधीच काढते आणि म्हणते वरणात पडायची आहे, कडक कशाला.