फटी मिटवल्या म्हणून आयतालेख होत नाही

«आयतालेख म्हणजे फटी काढून टाकलेला स्तंभालेख. फट ठेवायची की नाही, हा फक्त दिसण्याचा प्रश्न. आणि दोन्हींत खांब जितका उंच तितकी संख्या जास्त.»

पहिले वाक्य तपासायला एक वर्ग घेऊ. 44 विद्यार्थी शाळेत कसे येतात ते विचारले: चालत, सायकलने, एसटीने, रिक्षाने. याचा स्तंभालेख काढून एक्सेलमध्ये Gap Width शून्य केली, तर खांब चिकटतील, पण आयतालेख होणार नाही. सायकल आणि एसटी यांच्या मधे कोणतेच मूल्य नसते. एसटीचा खांब सगळ्यात आधी घेतला तरी माहिती तीच राहते.

आता त्याच मुलांना यायला किती मिनिटे लागतात ते विचारू. 0–10 मिनिटांत 8 जण, 10–20 मध्ये 14, 20–30 मध्ये 10 आणि 30–60 मध्ये 12. इथे आडवा अक्ष ही संख्यारेषा आहे. मिनिटांचा एक गट, म्हणजे एक वर्ग, 10 वर संपतो, तिथेच पुढचा सुरू होतो (बरोबर 10 मिनिटे लागणारा 10–20 मध्ये मोजायचा), म्हणून आयत एकमेकांना टेकतात. मधे मोकळी जागा दिसली, तर तेवढ्या वेळात येणारे कोणीच नाही, असा तिचा अर्थ होतो. म्हणजे फटीलाही इथे अर्थ आहे. ती मनाला येईल तिथे सोडता येत नाही.

तक्त्यात 1–10, 11–20 असे वर्ग असतील तर घोळ होतो. नवशिके 10 ते 11 मधे फट सोडतात. पण मिनिटे पूर्णांकात लिहिलेली असतात: 10.4 चे 10, 10.6 चे 11. म्हणून वर्ग सलग करायचे, 0.5–10.5, 10.5–20.5, आणि मगच आयत काढायचे.

तिसरे वाक्य सगळ्यात जास्त फसवते. ते सारख्या रुंदीच्या वर्गांपुरतेच खरे आहे. आपला शेवटचा वर्ग 30 मिनिटांचा आहे, बाकीचे 10 चे. त्याचा आयत 12 उंच काढला तर तो तिप्पट रुंद आणि शिवाय उंच, त्यामुळे निम्म्याहून अधिक विद्यार्थी लांबून येतात असे वाटते. प्रत्यक्षात 44 पैकी 12 म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडेसेच जास्त. आयतालेखात संख्या क्षेत्रफळावरून कळते. उभ्या अक्षावर ‘दर 10 मिनिटांमागे विद्यार्थी’ घ्या. पहिल्या तिघांची उंची 8, 14, 10 हीच राहते. शेवटच्या वर्गात 12 जण 10-10 मिनिटांच्या तीन भागांत विभागले जातात, म्हणून उंची 4. पडताळा सोपा आहे: 4 गुणिले 3, बरोबर 12. स्तंभालेखात ही अडचण येत नाही, कारण तिथे सगळे खांब सारख्याच रुंदीचे काढतात आणि त्या रुंदीने काहीच मोजलेले नसते.