ओल दाखवण्याची रंगीत तालीम

फ्लॅट विकायला काढला की माणूस स्वतःच्याच घरात गाईड होतो. आमच्याकडे दाखवण्यासारखं म्हणजे सकाळच्या उन्हाचा हॉल आणि हवेशीर बाल्कनी, आणि न दाखवण्यासारखं म्हणजे बेडरूमच्या भिंतीवर, बरोब्बर गुडघ्याच्या उंचीवर, ओलीचा मोठा डाग. पलीकडे बाथरूम आहे, त्यामुळे गुन्हेगार शोधायला लांब जावं लागलं नाही.

बायको म्हणाली, कॅलेंडर लावू. म्हटलं अगं, गुडघ्याला कॅलेंडर कोण लावतं, मांजरीला तारीख बघायचीये का? मग रंग मारायची आयडिया आली, पण एकाच भिंतीला ताजा रंग म्हणजे वासच चुगली करतो, आणि आत ओल असेल तर पोपडे पुन्हा येणारच.

मग ठरलं, सरळ दाखवायचं. पण दाखवताना गळती चालू आहे की थांबली हे तरी सांगता यायला हवं ना. प्लंबरने बाथरूमच्या टाइल्सचे सांधे उकरून पुन्हा भरून दिले, शॉवरचं पाणी तिथूनच आत जात होतं. त्यावर मी डागावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवला. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा. आमच्याकडे भिंतीकडे धुकं आलं. पण ही जुनी ओल वाळतेय की नवी येतेय ते प्लास्टिक सांगत नाही, म्हणून डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. (बायको: पोराने भिंतीवर लिहिलं की ओरडतोस!) डाग रेघेच्या आत सरकायला लागला, तेव्हा कुठे लोकांना बोलावलं.

मार्ग असा, सकाळी पडदे उघडून हॉल, मग बाल्कनी, तिथे अजिबात घाई नाही, मग बेडरूम, आणि बोलणी परत हॉलमध्ये, म्हणजे डाग ना पहिला दिसणार ना शेवटचा. बेडरूममध्ये त्यांची नजर जायच्या आधी आपणच बोलायचं, कारण काय, केलं काय, राहिलं काय, आणि प्लंबरचं बिल हातात. तालमीत बायको गिऱ्हाईक झाली आणि मी दारातच ओलीवर सुरू झालो. "अरे माझी चप्पल तरी काढून होऊ दे!"

खरं गिऱ्हाईक म्हणून एक काका-काकू आले तेव्हा सगळं अगदी ठरल्याप्रमाणे. मी सांगितलं, गळती थांबलीये पण भिंत अजून वाळतेय, पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावू नका, हवं तर तुमचा माणूस आणून बघा. काकूंनी अंगठ्याने प्लास्टर दाबून पाहिलं, काकांनी वाकून रेघ पाहिली, तारीख वाचली, बिल वाचलं, मान डोलावली. हॉलमध्ये येऊन बसलो, आणि काकांनी सहज विचारलं, "घर का विकताय?"

याची तालीमच नव्हती. मी म्हणालो, "मोठं हवंय." आणि त्याच क्षणी बायको म्हणाली, "लहान हवंय."