सोयाबीनच्या वड्या आणि संध्याकाळचा रिपोर्ट

मागच्या महिन्यात माझ्या भाच्याने त्याचा टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट पाठवला. आकडा 268 नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर, म्हणजे कमीच, आणि खाली एकच ओळ: "मामा, वड्यांनी घात केला." तो 24 वर्षांचा आहे, घर शाकाहारी आहे, आणि रोज जिमला जाणारा हा मुलगा 50 ग्रॅम सुक्या सोयाबीनच्या वड्या, म्हणजे साधारण 26 ग्रॅम प्रथिने, भिजवून परतून खातो. सोयाने पुरुषपण कमी होते असे जिममध्ये ऐकून त्याने वड्या त्याच दिवशी बंद केल्या.

मी आधी रक्त घेतल्याची वेळ पाहिली. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे, तेही भरपेट नाश्त्यानंतर. तरुण पुरुषांत हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते आणि दिवस कलला की बरेच उतरते, खाण्यानेही ते तात्पुरते घसरते. म्हणून तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी करतात, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतल्याशिवाय निदान करत नाहीत. शिवाय तो महिनाभर वजन उतरवण्यासाठी अर्धपोटी राहत होता आणि जेमतेम पाच तास झोपत होता. या दोन्ही गोष्टी टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी करतात.

मग सोयाचे काय? त्यात आयसोफ्लेवोन असतात, ज्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी दिसते. पण ते आपल्या पेशींवरच्या ग्राहींना फार दुबळेपणाने चिकटतात. पुरुषांवरचे 41 अभ्यास एकत्र तपासून 2021 साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सोयाने ना टेस्टोस्टेरॉन कमी झाले, ना इस्ट्रोजेन वाढले. भीती ज्यावर उभी आहे ते 2008 सालचे उदाहरण अमेरिकेतल्या साठीच्या एका गृहस्थांचे आहे. त्यांची छाती सुजून दुखू लागली होती, आणि ते रोज जवळजवळ तीन लिटर सोया दूध पीत होते. दूध थांबवल्यावर दुखणे गेले. तीन लिटर आणि एक वाटी वड्या यांची तुलना होऊ शकत नाही.

प्रोटीन पावडरच्या डब्याबद्दल मात्र मी त्याला बारकाईने विचारले. दुधाच्या निवळीपासून केलेल्या व्हे प्रोटीनची मला काळजी नाही, पण जिममध्ये सुटी मिळणारी, लेबल नसलेली पावडर मला चालत नाही. तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असेल तर मेंदूकडून वृषणांना जाणारा एलएच हा संदेशच बंद पडतो, आणि रक्तात एलएच अगदी खाली दिसतो.

वड्या पुन्हा सुरू करून, पोटभर जेवून आणि सात तास झोपून तीन आठवड्यांनी त्याने सकाळी आठ वाजता दोनदा रक्त दिले. आकडे 486 आणि 511 आले, एलएच दोन्ही वेळा व्यवस्थित होता. यातला किती फरक वेळेचा आणि किती झोपेचा, हे वेगळे काढता येणार नाही. वड्या मात्र तिन्ही आठवडे ताटात होत्या.