कंचेभागुबेव कुठं फसवतं?

“मॅडम, कंचेभागुबेव पाठ असलेलं पोर पदावलीत चुकत नाही. खानापूर भागात आम्ही वर्षानुवर्षं हेच शिकवलं. नवोदयला बसणाऱ्या पोरांकडं वेळ कमी असतो, त्यांना सूत्र हवंच. तुम्ही सोप्याचं अवघड करताय.”

सर, कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी असा क्रम सांगणाऱ्या या सूत्राच्या ‘भागु’पर्यंत तुमचं बरोबर आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. 6 × 10 ÷ 5 डावीकडून सोडवा नाहीतर भागाकार आधी करा, उत्तर 12 च. त्यामुळं पोरांचा सूत्रावर विश्वास बसतो आणि तोच विश्वास घेऊन ती ‘बेव’कडं जातात. तिथं 20 − 8 + 5 आलं, की बेरीज आधी म्हणून 8 + 5 = 13 करतात, 20 मधून वजा करून 7 लिहितात.

आता बेळगावहून खानापूरला निघालेली बस घ्या. आत 20 माणसं, मच्छेला 8 उतरली, देसूरला 5 चढली. आत राहिली 17. सात म्हणणाऱ्या पोरानं देसूरला चढलेल्यांनाही खाली उतरवलं! चिन्ह हे पुढच्या संख्येचं असतं, ते सोडून बेरीज करता येत नाही. बेरीज आधी करायचीच तर −8 + 5 = −3 अशी करावी लागेल, पण पाचवीच्या पोराला ऋण संख्या कुठं माहीत असतात? आणि नवोदयचा पेपर काढणारा पर्यायांत 7 ठेवणारच, मी असते तर ठेवला असता.

भागाकारातही सूत्र फार पुरत नाही. 6 × 5 ÷ 3 मध्ये ‘भा’ आधी म्हणून पोर 5 ÷ 3 ला हात घालतं, भाग जात नाही, तिथंच अडतं. डावीकडून गेलं असतं तर 30 ÷ 3, म्हणजे 10. आणि 48 ÷ 8 ÷ 2 ला उत्तर 3 की 12, यावर सूत्र गप्पच. (3, कारण डावीकडून.) अमेरिकेतल्या सूत्रात गुणाकाराचं अक्षर आधी येतं, म्हणून तिथली पोरं 24 ÷ 4 × 2 चं उत्तर 3 काढून बसतात. नियम मात्र दोन्हीकडं एकच: गुणाकार-भागाकार एका पायरीवर, बेरीज-वजाबाकी एका पायरीवर, आणि पायरीवर डावीकडून उजवीकडं.

मी फळ्यावर कंस सुटल्यावर प्रत्येक + आणि − च्या आधी उभी रेघ मारायला लावते:

30 | − 12 ÷ 4 × 2 | + 5

मधला तुकडा डावीकडून: 12 ÷ 4 = 3, मग 3 × 2 = 6. उरलं 30 − 6 + 5, म्हणजे 29. सूत्रवालं पोर इथं 19 आणतं. दोन रेघा मारायला कितीसा वेळ लागतो?

तुमच्या वर्गात 20 − 8 + 5 आणि 20 + 5 − 8 दोन्ही द्या, पण लागोपाठ नको, मध्ये दोन-तीन वेगळी गणितं घाला. एकाला 7 आणि दुसऱ्याला 17 लिहिणारी पोरं किती निघतात ते इथंच कळवा.